आई-वडील दोघंही गेल्यावर मुलांची पेन्शन: किती, कधीपर्यंत आणि कुणाच्या हाती

बालाघाट जिल्ह्यातलं मलाजखंड हे तांब्याच्या खाणीचं गाव आहे. हिंदुस्तान कॉपर या केंद्र सरकारी कंपनीने 1982 मध्ये इथे खाण सुरू केली, आणि गोंदिया, भंडारा, बालाघाट पट्ट्यातली बरीच मराठी कुटुंबं कामाच्या निमित्ताने या भागात स्थिरावली. कंपनीचे कायम कामगार असोत की ठेकेदाराकडचे, पगारातून पीएफ कापला जात असेल तर त्यासोबत कर्मचारी पेन्शन योजना 1995, म्हणजे सगळे ज्याला ईपीएस-95 म्हणतात ती योजनाही बहुतेक वेळा चालू असते. कामगाराचा मृत्यू झाला की विधवेला पेन्शन मिळते, हे वसाहतीत बहुतेकांना ठाऊक असतं. पण पुढे आईसुद्धा गेली तर काय, हे फार थोड्यांना माहीत असतं. आजी, मामा, काका मुलांना घरी घेऊन येतात, शाळा बदलतात, आणि पेन्शन आईबरोबर संपली असं समजून गप्प बसतात. ती संपलेली नसते. तिचं रूप बदलतं, आणि ते बदललेलं रूप मागून घ्यावं लागतं.

सरकारी शिक्षक, तलाठी, रेल्वे कर्मचारी यांच्या मुलांचे नियम वेगळे आहेत. त्यांतल्या केंद्र सरकारी नोकरांबद्दल पुढे थोडक्यात येईल. हा लेख मुख्यतः खाण, कारखाना आणि ठेकेदारीतल्या कामगारांच्या मुलांसाठी आहे.

अनाथ पेन्शन म्हणजे नेमकं काय

सभासद नोकरीत असताना वारला आणि त्याच्या नावावर निदान एका महिन्याची वर्गणी भरलेली असेल, तर कुटुंबाला पेन्शन लागू होते. त्यासाठी दहा वर्षांच्या नोकरीची अट नाही. ही गोष्ट ठेकेदाराकडच्या कामगारांच्या घरी मुद्दाम सांगायला हवी, कारण ‘नोकरी कमी झाली, काही मिळणार नाही’ एवढं ऐकून घरचे परत फिरतात.

आई हयात असते तोवर तिला विधवा पेन्शन मिळते आणि त्याशिवाय दोन मुलांना प्रत्येकी त्या रकमेच्या 25 टक्के बालक पेन्शन मिळते. आई वारली की विधवा पेन्शन थांबते आणि मुलांचा वाटा 25 वरून 75 टक्क्यांवर जातो. यालाच अनाथ पेन्शन म्हणतात. टक्केवारी अर्थातच विधवा पेन्शनच्या रकमेवर काढायची, वडिलांच्या शेवटच्या पगारावर नव्हे. कितीही कमी निघाली तरी प्रत्येक मुलाला दरमहा निदान 750 रुपये द्यावेच लागतात. ही किमान रक्कम 2014 पासून तशीच आहे. या योजनेत महागाई भत्ता नाही, म्हणून मूल आठ वर्षांचं असताना ठरलेली रक्कम ते कॉलेजात जाईल तेव्हाही तेवढीच राहते. मला ही या योजनेतली सर्वांत मोठी उणीव वाटते, कारण मुलाचा खर्च वयाबरोबर वाढत जातो.

एक बाब लोकांना चकित करते. आई हयात आहे पण तिने पुनर्विवाह केला, तरी तिची विधवा पेन्शन थांबते आणि मुलं अनाथ पेन्शनला पात्र होतात. अशा वेळी आईच मुलांची पालक असते. ती त्यांच्यासाठी व्यवहार पाहू शकते, फक्त पैसा मुलांचा असतो. पुनर्विवाह लपवून जुनी पेन्शन घेत राहिल्यास ती रक्कम पुढे वसूल होते. उघड सांगितल्यास मुलांची पेन्शन वाढते. त्यामुळे लपवण्यात काहीच फायदा नाही.

एका घराचा हिशेब

समजा, वडील खाणीत कामाला होते आणि नोकरीत असताना वारले. आईला दरमहा 3,000 रुपये विधवा पेन्शन लागली. तेरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा, दोघांना प्रत्येकी 750 रुपये. घरात एकूण 4,500 रुपये येत होते. यंदा आई आजारपणात गेली. आता मुलांचा वाटा 3,000 च्या 75 टक्के, म्हणजे प्रत्येकी 2,250 रुपये. दोघांचे मिळून पुन्हा 4,500.

म्हणजे दोन मुलं असलेल्या घरात एकूण रक्कम तेवढीच राहते, रुपयाही कमी होत नाही. फक्त ती आपोआप येत नाही. अर्ज केला नाही तर कार्यालयाला आईच्या मृत्यूची खबरही नसते.

एकच मूल असेल तर चित्र वेगळं. तिथे पूर्वी 3,750 येत होते, आता 2,250 येतील. तीन मुलं असली तर तिसऱ्याला थांबावं लागतं. एका वेळी दोनच मुलांना पेन्शन मिळते आणि क्रम वयाने ठरतो, थोरल्यापासून धाकट्याकडे. समजा मुलं 22, 17 आणि 12 वर्षांची आहेत. पहिल्या दोघांना लगेच मिळेल. थोरला 25 चा झाला की त्याची जागा रिकामी होईल आणि तिसऱ्याला, जो तोवर 15 वर्षांचा झालेला असेल, पेन्शन सुरू होईल. थांबलेल्या तीन वर्षांची थकबाकी त्याला मिळत नाही. नातेवाईक कधी कधी मनाने ठरवतात की पेन्शन सर्वांत धाकट्याला द्यावी, कारण तो लहान आहे. भावना रास्त आहे, पण नियम तशी निवड करू देत नाही. म्हणून अर्ज भरताना तिन्ही मुलांची नावं आणि जन्मतारखा लिहाव्यात. थांबलेल्या मुलाचं नाव नोंदीत असलं तर पुढचं काम सोपं होतं.

किती वर्षं मिळते

अनाथ पेन्शन वयाच्या 25 वर्षांपर्यंत मिळते. मूल 18 वर्षांचं झालं की पेन्शन संपली असा समज सर्रास आढळतो. त्या वाढदिवसाला संपतो तो पालकाचा अधिकार. पेन्शन पुढची सात वर्षं त्या मुलाच्या किंवा मुलीच्या स्वतःच्या सहीने चालू राहते.

वरच्या घरातली मुलगी आज तेरा वर्षांची आहे. पाच वर्षं तिचा व्यवहार पालक बघेल, नंतर सात वर्षं ती स्वतः बघेल. धाकट्याची एकूण सतरा वर्षं आहेत, त्यांतली दहा पालकाच्या देखरेखीखाली. थोरलीची पेन्शन थांबली की घरातली रक्कम निम्मी होईल, हे आधीच लक्षात ठेवून शिक्षणाचं नियोजन करायला हवं.

कायमचं आणि पूर्ण अपंगत्व असलेल्या मुलाला ही वयोमर्यादा लागू नाही. त्याची पेन्शन आयुष्यभर चालते आणि दोन मुलांची मर्यादाही त्याच्या आड येत नाही. त्यासाठी अपंगत्वाचा वैद्यकीय दाखला अर्जासोबतच जोडावा. 25 वर्षं पूर्ण झाल्यावर तो मुद्दा काढला तर विनाकारण अडचण होते.

केंद्र सरकारी नोकरांच्या मुलांचा नियम इथे वेगळा पडतो. केंद्रीय नागरी सेवा पेन्शन नियमांनुसारही साधारणपणे 25 हीच वयाची सीमा आहे, पण लग्न झालं किंवा ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त कमाई सुरू झाली तर पेन्शन आधीच थांबते. शिवाय ती एका वेळी एकाच मुलाला मिळते, जुळी मुलं असतील तर दोघांत वाटली जाते. शेजारच्या घरातल्या सरकारी पेन्शनचं उदाहरण घेऊन खाण कामगाराच्या मुलांचा हिशेब मांडला की गोंधळ होतो तो इथेच.

पालक कोण

आजी नातवंडांना अंगाखांद्यावर वाढवते, मामा फी भरतो, काका शाळेत सही करतो. तरीही कायद्याच्या नजरेत यांपैकी कुणीही आपोआप पालक ठरत नाही. हिंदू अल्पवयीन व पालकत्व कायदा, 1956 नुसार नैसर्गिक पालक म्हणजे वडील आणि त्यांच्यानंतर आई. दोघंही गेल्यावर नैसर्गिक पालक उरतच नाही. आजोबांनाही तो दर्जा मिळत नाही. मग दोन वाटा राहतात.

पहिली वाट मृत्युपत्राची. वडिलांच्या मागे राहिलेली आई आपल्या मृत्युपत्रात ‘माझ्यानंतर मुलांचा पालक अमुक असेल’ असं लिहून ठेवू शकते. त्यासाठी स्टॅम्प पेपरची सक्ती नाही. तिची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. विधवा पेन्शन घेणाऱ्या, दुखणं-खुपणं असलेल्या प्रत्येक आईने हे करून ठेवावं असं मला अगदी मनापासून वाटतं. तिच्या एका कागदामुळे पुढे मुलांचे कित्येक महिने वाचतात.

बालाघाटात एक गोष्ट विसरता येत नाही. 1956 चा हा कायदा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू आहे, पण अनुसूचित जमातींना लागू नाही. मलाजखंड परिसरात गोंड आणि बैगा कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. त्यांनी दुसऱ्या वाटेने जावं.

दुसरी वाट न्यायालयाची. पालक व पाल्य कायदा, 1890 नुसार जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा, आणि तो मूल जिथे सामान्यतः राहतं त्या ठिकाणच्या न्यायालयात. मुलं आजीजवळ मलाजखंडातच असतील तर बालाघाट जिल्ह्यात. आई गेल्यावर मामाने मुलांना गोंदियाला कायमचं नेलं असेल, तिथल्या शाळेत नाव घातलं असेल, तर गोंदियात. राहण्याचं ठिकाण आधी पक्कं ठरवा आणि मगच अर्ज करा. नाहीतर पहिली तारीख याच वादात जाते.

अर्जात मुलाचं नाव, जन्मतारीख, राहण्याचा पत्ता, जवळचे नातेवाईक, सध्या तो कुणाकडे आहे आणि त्याच्या मालकीचं काय आहे, हे सगळं लिहावं लागतं. पालक होऊ पाहणाऱ्याने ‘मी ही जबाबदारी घ्यायला तयार आहे’ असं निवेदन सहीनिशी जोडायचं असतं, त्यावर निदान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. इतर जवळच्या नातेवाइकांना नोटीस जाते. आजी आणि मामा यांच्यात वाद नसेल तर दोघांनी एकमेकांना संमती लिहून द्यावी, काम हलकं होतं. न्यायालय निर्णय घेताना मुलाचं हित पाहतं, आणि मूल समजदार वयाचं असेल तर त्याला कुणाकडे राहायचं आहे हेही विचारात घेतं. वरच्या घरातली तेरा वर्षांची मुलगी आपलं म्हणणं मांडू शकते.

अर्ज लिहिताना एक चूक हमखास होते. ‘मुलाचा सांभाळ’ एवढंच मागितलं जातं आणि आदेशातही तेवढंच येतं. मग बँक म्हणते, हा माणूस मुलाच्या देहाचा पालक आहे, मालमत्तेचा नाही. म्हणून मुलाच्या मालकीच्या रकान्यात पीएफ, विम्याची रक्कम आणि दरमहाची पेन्शन ठळक लिहा आणि ‘देह व मालमत्ता’ या दोन्हींसाठी पालक नेमण्याची मागणी करा.

2025 पासून काय बदललं

पूर्वी अल्पवयीन मुलाच्या दाव्यासोबत पालकत्वाचा न्यायालयीन दाखला हवाच, असा आग्रह पीएफ कार्यालयांत धरला जाई, आणि तो मिळेपर्यंत दावा पडून राही. ऑगस्ट 2025 मध्ये कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेने परिपत्रक काढलं. पैसा थेट मुलाच्या स्वतःच्या नावाच्या बँक खात्यात जाणार असेल तर त्या दाखल्याचा आग्रह धरू नये, असं त्यात सांगितलं आहे. अनाथ मुलांसाठी हा फार मोठा दिलासा आहे. खिडकीवर कुणी तरीही दाखला मागितला, तर या परिपत्रकाचा उल्लेख करून लेखी उत्तर मागा.

त्यामुळे आता अडचण पीएफ कार्यालयातून सरकून बँकेत आली आहे. एप्रिल 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलं की दहा वर्षांवरचं मूल, बँकेने घातलेल्या मर्यादेत, स्वतःच्या नावाचं बचत खातं उघडू आणि चालवू शकतं. त्याहून लहान मुलाचं खातं नैसर्गिक किंवा कायदेशीर पालकामार्फतच उघडतं.

आता आपल्या उदाहरणाकडे या. मुलगी तेरा वर्षांची आहे. ती बँकेत जाऊन आपलं खातं उघडू शकते, आणि त्या खात्यावर तिची अनाथ पेन्शन न्यायालयात न जाता सुरू होऊ शकते. तिचा अर्ज भावासाठी अडकवून ठेवू नये. मुलगा आठ वर्षांचा आहे. त्याच्याकडे आईने पालक म्हणून उघडलेलं खातं असेलही, पण आता त्यावर पालक बदलायला बँक कायदेशीर पालकाचा कागद मागेल. म्हणजे आईचं मृत्युपत्र, आणि ते नसेल तर न्यायालयाचा आदेश. मुलगा दहा वर्षांचा होईपर्यंत थांबू, मग स्वतःचं खातं उघडेल, असा विचार काहीजण करतात. मला तो पटत नाही. दोन वर्षांचं दूध, वह्या आणि औषधं त्याला आज लागतात.

अर्ज आणि नंतरची काळजी

अर्ज फॉर्म 10-डी मध्ये करायचा. त्यासोबत आई आणि वडील दोघांचे मृत्यूचे दाखले, मुलांचे जन्मदाखले, आधार, मुलांच्या नावाचं बँक पासबुक, आणि आईची पेन्शन चालू होती तर तिच्या पेन्शन आदेशाचा क्रमांक, ज्याला सगळे पीपीओ नंबर म्हणतात, तो लागतो. वडिलांचा पीएफ आणि विम्याची रक्कम आधी घेतली नसेल तर तोही दावा याच वेळी टाकावा.

बहुतेक दावे अडतात ते नावाच्या फरकामुळे. वडिलांच्या पीएफ नोंदीत एक आडनाव, मध्य प्रदेशातल्या हिंदी मृत्युदाखल्यावर दुसरं रूप, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर तिसरं. मराठी घरात वडिलांचं नाव मधे लिहितात, हिंदी कागदांवर ते पुष्कळदा गळून पडतं, आणि आईच्या नावापुढे कुठे ‘बाई’ लागलेलं असतं, कुठे नसतं. दावा टाकण्याआधी सगळे कागद एका टेबलावर ठेवून नावं आणि जन्मतारखा जुळवून बघा. दुरुस्ती करायचीच असेल तर आधी आधार आणि जन्मदाखला एक करा, शाळेची नोंद त्यानंतर.

अनाथ पेन्शन विधवा पेन्शन थांबल्याच्या दिवसापासून देय असते. त्यामुळे अर्जाला उशीर झाला तरी मधल्या महिन्यांची थकबाकी मागता येते. पण आईच्या खात्यात तिच्या मृत्यूनंतर जमा झालेले पैसे एटीएम कार्डाने काढू नका. घरात मुलांसाठी खर्च झाले तरी ती जास्तीची दिलेली रक्कम ठरते आणि मुलांच्या थकबाकीतून वजा होते. आईचा मृत्युदाखला मिळाला की तो पहिल्या आठवड्यातच बँकेत आणि पीएफ कार्यालयात द्यावा.

मूल मलाजखंडातून गोंदियाला किंवा नागपूरला गेलं म्हणून पेन्शन बदलून घ्यावी लागेल अशी भीती आता उरली नाही. 1 जानेवारी 2025 पासून ईपीएसची पेन्शन देशभर एकाच केंद्रीय व्यवस्थेतून दिली जाते, आणि ती कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत घेता येते. हयातीचा दाखला मात्र दरवर्षी द्यावा लागतो. तो दिल्याच्या तारखेपासून एक वर्ष चालतो. पेन्शन अचानक बंद पडली तर सगळ्यात आधी हाच दाखला संपला का, ते बघा.

मूल 18 वर्षांचं होण्याच्या एक-दोन महिने आधी बँकेत जाऊन नवी सही, नवा फोटो आणि केवायसी द्यावं. नाहीतर वाढदिवसानंतर खातं गोठतं आणि नेमक्या कॉलेज प्रवेशाच्या दिवसांत पैसे निघत नाहीत. पालकाने त्या दिवशी पासबुक, कार्ड आणि आजवरच्या खर्चाची वही मुलाच्या हाती सोपवावी. न्यायालयाने नेमलेल्या पालकाकडून न्यायालय हिशेब मागू शकतं. मुलगाही मागू शकतो, आणि तो त्याचा हक्क आहे. प्रत्येक मुलाचं वेगळं खातं आणि वेगळी वही ठेवली, तर बहिणीच्या पैशातून भावाची फी भरली की उलट झालं, हा प्रश्न घरात उठत नाही.